इन्व्हर्टरच्या बॅटरीत वीज भरलेली नसते

वीज गेली की इन्व्हर्टर कुरकुर न करता पंखा फिरता ठेवतो, आणि आपण म्हणतो, ‘बॅटरीत वीज भरून ठेवली होती.’ पण बॅटरीत वीज भरलेली नसते. तिथे असतात शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल. वीज लागते त्या क्षणी त्यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून तयार होते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली. रचना बरीच सुधारली, पण आतले रसायनशास्त्र आजही तेच आहे.

१२ व्होल्टच्या बॅटरीत एकापुढे एक जोडलेले सहा कप्पे, म्हणजे सेल असतात. प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्ट देतो. सेलमध्ये दोन प्रकारच्या प्लेटा असतात. ऋण प्लेट राखाडी, सच्छिद्र शिशाची आणि धन प्लेट चॉकलेटी रंगाच्या लेड डायऑक्साइडची. शिसे इलेक्ट्रॉन सोडायला तयार असते, तर लेड डायऑक्साइड ते ओढून घ्यायला. मात्र इलेक्ट्रॉन आम्लातून जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेनेच जावे लागते, आणि त्या तारेच्या वाटेवर आपला पंखा जोडलेला असतो. इलेक्ट्रॉनांचा हा बाहेरून होणारा प्रवास म्हणजेच विद्युतप्रवाह. त्याच वेळी आम्लातले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आतल्या आत सरकून हिशेब जुळवतात. बटण बंद केले की वाट तुटते आणि क्रियाही थबकते.

इलेक्ट्रॉन सोडलेले शिसे आम्लातल्या सल्फेटला चिकटते आणि प्लेटवरच लेड सल्फेट तयार होते. गंमत म्हणजे धन प्लेटवरही शेवटी लेड सल्फेटच तयार होते, शिवाय थोडे पाणीही. म्हणजे बॅटरी उतरत जाते तसतशा दोन्ही प्लेटा एकसारख्या होत जातात आणि आम्ल पातळ होते. चार्जर उलट दिशेने प्रवाह ढकलतो, तेव्हा एका प्लेटवर पुन्हा शिसे, दुसरीवर लेड डायऑक्साइड तयार होते आणि सल्फेट आम्लात परत जाते.

आता १५० अँपिअर-अवरची बॅटरी घेऊ. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि टीव्ही मिळून २४० वॅट धरले, तर इन्व्हर्टरमधली गळती जमेस धरून बॅटरीला सुमारे ३०० वॅट द्यावे लागतात, म्हणजे २५ अँपिअर. या प्रवाहाने तासाभरात प्रत्येक सेलमधल्या जवळपास ९७ ग्रॅम शिशाचे सल्फेट होते. दीडशेला पंचवीसने भागले तर सहा तास यायला हवेत, पण प्रत्यक्षात नवी बॅटरीही पाचेक तासच साथ देते. कारण १५० हा आकडा सहसा साडेसात अँपिअरचा सौम्य प्रवाह वीस तास घेऊन ठरवलेला असतो. प्रवाह जास्त घेतला की प्लेटच्या छिद्रांतले आम्ल झटपट संपते आणि बाहेरचे ताजे आम्ल तितक्या वेगाने आत पोचत नाही.

आम्ल पातळ होते म्हणूनच बॅटरीवाला हायड्रोमीटर लावून ‘ग्रॅव्हिटी’ बघतो. पूर्ण चार्ज बॅटरीत ती प्रकारानुसार १.२४ ते १.२८ असते, उतरलेल्या बॅटरीत १.१५च्या खाली जाते. पाच सेल ठीक आणि एकाचीच ग्रॅव्हिटी बरीच कमी असेल, तर तो सेल बिघडला असे समजावे.

बॅटरी उतरलेलीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या, टणक स्फटिकांत बदलतात. मग चार्जिंगनेही ते विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. यालाच ‘बॅटरी सल्फेट झाली’ म्हणतात. अशी बॅटरी लवकर ‘फुल’ दाखवते, पण वीज गेल्यावर थोड्याच वेळात मान टाकते, आणि कितीही चार्ज केली तरी ग्रॅव्हिटी वर चढत नाही.

चार्जिंगच्या शेवटी थोड्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात. आम्ल मात्र आतच राहते. म्हणून पातळी कमी झाली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आम्ल ओतले तर हायड्रोमीटरचा आकडा वाढतो, पण बॅटरीची ताकद वाढत नाही, उलट प्लेटा लवकर झिजतात. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा बॅटरी हवेशीर जागी ठेवा आणि तिच्याजवळ काडी ओढू नका. महिनाभर घर बंद ठेवून गावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करा.