नळाच्या तोंडाशी हरित घर

लहान इमारतींसाठी भारतात ‘स्वगृह’ हे मानांकन आहे. ते 2500 चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामांसाठी असून जागा, ऊर्जा, पाणी, कचरा आणि बांधकाम साहित्य यांवर गुण देते. सौर पॅनेलचा खर्च झेपत नसेल तर मी आधी पाण्याकडे पाहायला सांगेन.

दहा लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि नळ पूर्ण सोडून घड्याळ लावा. बादली मिनिटभरात भरली, तर प्रवाह मिनिटाला दहा लिटर. आता नळाच्या तोंडाला एरेटर बसवा. ही छोटी जाळीदार टोपी पाण्यात हवा मिसळते. त्यामुळे धार भरीव वाटते, पण मिनिटाला तीन लिटरचा एरेटर घेतला तर खरोखर तीनच लिटर पाणी जाते. चौघांच्या घरात बेसिन आणि सिंकचे नळ मिळून दिवसाला अर्धा तास चालतात असे धरा. तीनशेऐवजी नव्वद लिटर लागतील, म्हणजे रोज दोनशे दहा लिटरची बचत.

बादली भरायच्या नळाला मात्र तो लावू नका. तिथे पाणी तेवढेच लागते, फक्त ताटकळत उभे राहावे लागते. बोअरच्या जड पाण्याने जाळीवर पांढरा क्षार साचतो. धार तिरकी उडू लागली की जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी. आणि खरेदीची पावती व प्रवाहाचा आकडा असलेले माहितीपत्रक जपून ठेवा, कारण मानांकनासाठी पुरावा द्यावा लागतो.