पफर, पार्का की अनोरॅक?

लांबी आणि टोपी पाहिली की जाकिटाची जात कळते. कमरेपर्यंतचं, फुगीर पट्ट्यांचं ते पफर. मांडीपर्यंत किंवा त्याखाली येणारं, टोपीला बहुधा फरची झालर असलेलं ते पार्का. डोक्यातून घालायचं, अर्ध्या चेनचं आणि टोपीचं ते अनोरॅक. त्यात बहुधा भरण नसतं, ते मुख्यतः वारा अडवतं.

पिसांच्या जाकिटावर ‘८००’ लिहिलेलं असतं. म्हणजे एक औंस, सुमारे २८ ग्रॅम पिसं फुलून ८०० घनइंच जागा व्यापतात. पण पिसं किती भरली, हे त्यातून कळत नाही. एकाच मापाच्या दोन जाकिटांपैकी एकात ८००ची ६० ग्रॅम आणि दुसऱ्यात ६००ची १२० ग्रॅम पिसं असतील, तर दुसरं जड, पण जास्त उबदार.

मग शिवण पाहा. टाका आरपार गेला असेल, तर त्या रेषेवर पिसं उरत नाहीत आणि तिथून थंडी शिरते. कडाक्याच्या थंडीसाठीच्या जाकिटात दोन थरांमध्ये कापडी पडदे शिवून कप्पे केलेले असतात. पिसं भिजली की गोळा होतात. त्यामुळे ओल्या हवेत पॉलिएस्टरचं भरण बरं.