चोपन्न व्होल्टांची लाट

मल्टिमीटरमध्ये घालतात तसल्या नऊ व्होल्टच्या सहा चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडल्या की ५४ व्होल्ट होतात. घरातल्या दिव्याला मिळतात त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. एवढ्याशा व्होल्टेजवर १९२७ साली न्यूयॉर्कमधल्या बेल प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर गर्मर या दोघांना निकेलच्या स्फटिकावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा एक झोत भलत्याच दिशेला निघालेला दिसला. इलेक्ट्रॉन हे नुसते कण असते तर तो तिथे निघायला नको होता.

या शोधाच्या मुळाशी एक फुटलेली बाटली आहे. फेब्रुवारी १९२५ मध्ये डेव्हिसन निकेलच्या पत्र्यावर इलेक्ट्रॉन आपटून ते कुठे कुठे उडतात, हे मोजत होता. काम तसं रुक्षच. निर्वात नळीजवळची द्रवरूप हवेची बाटली फुटली, नळी भंगली, हवा आत शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइडचा थर चढला. तो घालवण्यासाठी निकेल हायड्रोजनमध्ये आणि निर्वातात बराच वेळ तापवत ठेवलं. नंतर प्रयोग पुन्हा सुरू केला तर आलेख ओळखू येईना. नळी कापून पाहिली, तेव्हा कारण कळलं. आधीचा पत्रा असंख्य बारीक स्फटिकांचा होता. तापवण्यात ते एकमेकांत मिसळून थोडे मोठे स्फटिक तयार झाले होते.

मोठ्या स्फटिकाला महत्त्व का, हे मात्र डेव्हिसनला तेव्हा कळलं नव्हतं. १९२६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला गेला असताना ऑक्सफर्डच्या एका परिषदेत माक्स बोर्नचं भाषण ऐकायला बसला आणि चकित झाला. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, या नव्या कल्पनेचा पुरावा म्हणून बोर्न चक्क डेव्हिसनचेच जुने आलेख दाखवत होता. ती कल्पना लुई द ब्रॉय या फ्रेंच भौतिकज्ञाने १९२४ च्या आपल्या प्रबंधात मांडली होती. आपल्याकडच्या पुस्तकांत त्याचं नाव बहुधा ‘डी ब्रॉग्ली’ असं छापतात.

द ब्रॉयचं म्हणणं एका ओळीत मावतं: कोणत्याही कणाची तरंगलांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले त्या कणाचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आता यात व्होल्टेज कुठून आलं? तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतो तेव्हा तो जवळपास स्थिर असतो. समोर ५४ व्होल्टने धन असलेली पट्टी ठेवली की तो तिच्याकडे ओढला जातो आणि पट्टीच्या भोकातून बाहेर पडेपर्यंत त्याला ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. मार्ग लांब असो की आखूड, मिळकत तेवढीच. ऊर्जा कळली की संवेग काढता येतो, पण ऊर्जा संवेगाच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून उलट जाताना वर्गमूळ येतं. सगळे स्थिरांक घालून उरतो तो हिशेब पाठ करण्याइतका सोपा आहे: व्होल्टेजचं वर्गमूळ काढा आणि त्याने १२.२७ ला भागा. उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

५४ चं वर्गमूळ ७.३५. भागाकार १.६७ अँगस्ट्रॉम.

हा आकडा नेमका अणूंच्या जगातला आहे. डेव्हिसन आणि गर्मर यांनी निकेलचा जो पृष्ठभाग वापरला, त्यावर अणूंच्या ओळी २.१५ अँगस्ट्रॉम अंतराने लागलेल्या असतात, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या. लाट सरळ वरून येऊन अशा ओळींवर आपटली, की शेजारशेजारच्या ओळींवरून परतणाऱ्या लाटा काही ठरावीक दिशांनाच एकमेकींत मिळतात. बाकी दिशांना एकमेकींना खोडतात. ती दिशा काढायची तर तरंगलांबीला ओळींमधल्या अंतराने भागायचं. येतो तो कोनाचा साइन. मोजणी उलट बाजूने झाली. झोत ५० अंशांवर सर्वांत ठळक दिसला. ५० अंशांचा साइन ०.७६६. त्याला २.१५ ने गुणलं की १.६५ अँगस्ट्रॉम मिळतात. एक तरंगलांबी व्होल्टमीटरवरून आली, दुसरी कोनमापकावरून, आणि दोघींत फरक जेमतेम एका टक्क्याचा.

व्होल्टेज दुसरंच काही असतं तर? ओळींमधल्या अंतरापेक्षा तरंगलांबी मोठी झाली, की साइन एकाहून जास्त यायला लागतो, म्हणजे असा कोनच नसतो. निकेलच्या या ओळींसाठी ती सीमा ३३ व्होल्टच्या सुमारास आहे. त्याखाली हा झोत निघूच शकत नाही. प्रत्यक्ष मोजणीत ४४ व्होल्टला आलेखावर जेमतेम फुगवटा दिसू लागला, ५४ ला तो टेंगळासारखा वर आला आणि ६८ पर्यंत जवळजवळ विरला. व्होल्टेजचं बटण म्हणजे इथे लाट लांब-आखूड करायचं बटणच होतं. क्ष-किरणांशी तुलना केली तर इलेक्ट्रॉनची सोय लक्षात येते. १.६७ अँगस्ट्रॉमचा क्ष-किरण हवा असेल तर त्याची ऊर्जा सुमारे ७,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागते. इलेक्ट्रॉनला वस्तुमान असल्यामुळे तेच काम चोपन्नात भागतं.

आता थोडी अडचणीची गोष्ट, जी पाठ्यपुस्तकं सहसा गाळतात. डेव्हिसन आणि गर्मर यांच्याकडे हा एकच झोत नव्हता. वेगवेगळ्या व्होल्टेजला वेगवेगळे झोत ठळक होत होते. दिशा लाटेच्या हिशेबाशी जुळत होत्या. पण कोणत्या व्होल्टेजला झोत सर्वांत ठळक व्हायला हवा, हे क्ष-किरणांच्या नियमाने काढलं तर ते जुळत नव्हतं, आणि चूक दर वेळी एकाच बाजूला पडत होती. कारण असं, की इलेक्ट्रॉन धातूत शिरताना आतल्या धन अणुकेंद्रांमुळे आणखी ओढला जातो. निकेलमध्ये ही जादा ओढ साधारण पंधरा व्होल्टांच्या आसपास आहे. म्हणजे बाहेर ५४ व्होल्टचा असलेला इलेक्ट्रॉन आत जणू सत्तरचा होतो आणि त्याची लाट आखूड होते. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, तसाच हा प्रकार. हान्स बेटेने तो लगेच १९२७ मध्येच दाखवून दिला. मग ५० अंशांचं गणित इतकं चोख कसं आलं? लाटेचा पृष्ठभागाला समांतर असलेला भाग आत-बाहेर जाताना बदलत नाही. दिशा ठरते ती बाहेरच्या तरंगलांबीवर आणि पृष्ठभागावरच्या ओळींवर. झोताची तीव्रता मात्र आतले थरही ठरवतात.

या प्रयोगाची जी ६५ अंश आणि ०.९१ अँगस्ट्रॉमची आकडेमोड बऱ्याच पुस्तकांत छापलेली असते, ती वेगळा पुरावा समजू नये. भूमितीने सोडवून पाहिलं तर ती वरच्याच सूत्राची दुसऱ्या कपड्यातली आवृत्ती आहे.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉर्ज थॉमसनने दुसरं टोक पकडलं. इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसनचा हा मुलगा. त्याने व्होल्टेज हजारोंत नेलं आणि इलेक्ट्रॉन पातळ पापुद्र्यांच्या आरपार पाठवले. आधी सेल्युलॉइड, मग सोन्यासारखे धातू. इतक्या व्होल्टेजला लाट अणूंमधल्या अंतराच्या मानाने फारच आखूड, म्हणून कोन लहान. पण पलीकडच्या फोटोच्या काचेवर स्वच्छ वलयं उमटली. ही वलयं इलेक्ट्रॉनांचीच कशावरून? नळीत चुकून तयार झालेले क्ष-किरणही तशीच वलयं काढू शकतात. थॉमसनने चुंबकक्षेत्र लावलं आणि सगळी नक्षी बाजूला सरकली. क्ष-किरण चुंबकाला दाद देत नाहीत. शिवाय वलयाचा व्यास गुणिले व्होल्टेजचं वर्गमूळ, हा गुणाकार व्होल्टेज बदललं तरी जवळपास तोच राहिला. १९३७ चं नोबेल डेव्हिसन आणि थॉमसन यांना विभागून मिळालं.

आज हाच प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत फुग्यासारख्या काचेच्या नळीत करतात. आत ग्रॅफाइटचा पातळ थर असतो, आणि समोरच्या पडद्यावर हिरवी वलयं चमकतात. ग्रॅफाइटमध्ये २.१३ अँगस्ट्रॉमचं एक अंतर आहे आणि थरापासून पडदा साधारण १३५ मिलिमीटरवर असतो. २,५०० व्होल्टला तरंगलांबी ०.२४५ अँगस्ट्रॉम येते आणि या अंतराचं वलय अंदाजे ३१ मिलिमीटर व्यासाचं दिसतं. ४,००० व्होल्टला तरंगलांबी ०.१९४ होते आणि तेच वलय २५ मिलिमीटरपर्यंत आक्रसतं. बहुतेकांना आधी उलटच वाटतं: जास्त व्होल्टेज, जास्त जोर, म्हणून मोठं वलय. दोऱ्याइतकं बारीक वलय कधीच मिळत नाही. त्याची आतली आणि बाहेरची कड अशी दोन्ही मोजून मधला आकडा घ्यावा लागतो. पडदा वक्र असल्यानेही मोजणीत थोडी फसगत होते.

मोठ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वर्गमूळाचा सोपा हिशेब तुटतो. १,००,००० व्होल्टला त्याने ०.०३८८ अँगस्ट्रॉम येतात, पण खरी तरंगलांबी ०.०३७० आहे. इलेक्ट्रॉन इथे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतो आणि आइन्स्टाइनची दुरुस्ती लावावीच लागते. ती विसरली तर मोजलेलं प्रत्येक अणु-अंतर सुमारे पाच टक्के जास्त येतं. सगळीच अंतरं सारख्या प्रमाणात फुगतात, त्यामुळे गुणोत्तरं अगदी बरोबर दिसतात आणि चूक नजरेत भरत नाही. पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडा आणि नमुन्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतरही अगदी काटेकोर नसतं. म्हणून अनोळखी नमुना मोजण्याआधी त्याच व्होल्टेजला आणि त्याच मांडणीत सोन्याच्या पातळ थराची वलयं घेतात. त्यातलं सर्वांत आतलं वलय २.३५५ अँगस्ट्रॉमचं असतं, आणि पुढचे सगळे व्यास त्याच्याशी ताडून पाहतात.