छताला घाम फुटू नये म्हणून

दिल्लीच्या जोर बाग भागात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं इंदिरा पर्यावरण भवन आहे. २०१४ साली या इमारतीचं उद्घाटन झालं. तिच्या दुसऱ्या ते सहाव्या मजल्यावर खोल्या थंड करायला छतात चिल्ड बीम बसवलेत. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात चिलरमधून साधारण ६-७ अंश सेल्सिअसचं पाणी फिरवतात. इथे मात्र बीममध्ये जाणारं पाणी १६ अंशांचं आहे आणि खोलीतली उष्णता घेऊन ते २० अंशांवर परततं. पाणी आणखी थंड केलं असतं तर कमी बीममध्ये काम भागलं असतं. तसं का केलं नाही, हे समजलं की ही सगळी पद्धत समजते.

त्यासाठी स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला पुरेसा आहे. जुलै महिन्यात मुंबईत पेल्यात साधं पाणी घ्या, त्यात थर्मामीटर ठेवा आणि फ्रिजमधलं गार पाणी थोडं थोडं ओतत, ढवळत जा. बाहेरची चकाकी ज्या क्षणी धुरकट होईल, त्या क्षणाचं तापमान म्हणजे तुमच्या घरातल्या हवेचा दवबिंदू. भर पावसाळ्यात तो २५ अंशांच्या आसपास निघतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं बाष्प पाणी होऊन बसणारच. म्हणजे हीच हवा १६ अंशांच्या बीमला लागली तर बीममधून खाली टेबलांवर थेंब पडतील.

बीमची रचना अगदी साधी आहे. छतात लांबट पेटी, तिच्यात तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची कॉइल. ताजी हवा पेटीतल्या बारीक छिद्रांतून जोरात सुटते आणि तिच्या ओढीने खोलीतली दुप्पट ते चौपट हवा कॉइलमधून वर खेचली जाते. दोन्ही मिसळून कडेच्या फटींतून खाली उतरतात. आत पंखा नाही, मोटर नाही, त्यामुळे आवाजही जवळपास नाही. उष्णतेचं बहुतेक ओझं पाणी वाहून नेतं आणि त्याला लागणारा पाइप डक्टच्या मानाने फारच लहान असतो. पण नेहमीच्या एसीत कॉइलवर जमलेलं पाणी ड्रेनमधून वाहून जातं, तशी सोय बीमला सहसा नसते. त्याची कॉइल कोरडीच राहिली पाहिजे.

मग खोलीतला ओलावा काढायचा कोणी? ते काम ताज्या हवेच्या स्वतंत्र युनिटचं. हे युनिट बाहेरची हवा आत घेतं, ७ अंशांच्या पाण्याच्या कॉइलवर खूप गार करून तिच्यातलं पाणी पिळून काढतं आणि ती कोरडी हवा बीममध्ये पाठवतं. बीमला किती गार पाणी चालेल, हे या युनिटवर ठरतं.

एक हिशेब करून पाहू. २०० चौरस मीटरचं, २० माणसांचं ऑफिस घ्या. खोलीत २४ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता हवी आहे. अशा हवेचा दवबिंदू जवळपास १३ अंश असतो आणि तिच्या प्रत्येक किलोत ९.३ ग्रॅम बाष्प असतं. बसून काम करणारा माणूस श्वासातून आणि त्वचेवाटे तासाला साधारण ८० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा दिली, तर ती तासाला ४३ किलो भरते. या ४३ किलोंनी ते ८० ग्रॅम उचलायचे, म्हणजे किलोमागे १.९ ग्रॅम. म्हणून युनिटमधून निघणाऱ्या हवेत किलोमागे ७.४ ग्रॅमच बाष्प असायला हवं. त्यासाठी तिचा दवबिंदू साडेनऊ अंशांपर्यंत उतरवावा लागतो.

एवढं जमलं की बीमला १५ अंशांचं पाणी देता येतं. खोलीचा दवबिंदू १३, पाणी १५, मध्ये २ अंशांची जागा. ही जागा चैन म्हणून ठेवलेली नाही. आर्द्रतेच्या सेन्सरने ३ टक्के कमी दाखवलं, तर दवबिंदू मोजण्यात जवळपास १ अंशाची चूक होते. उरलेला अंश मीटिंगला अचानक जमलेल्या माणसांसाठी.

आता समजा, युनिटची कॉइल धुळीने माखली आणि हवा साडेनऊऐवजी १२ अंश दवबिंदूची येऊ लागली. माणसं तेवढीच, बाकी सगळं तेच. खोलीचा दवबिंदू थेट १५ अंशांवर चढतो आणि मधली जागा संपते. खिडकीही तेवढीच महागात पडते. पावसाळ्यात किंचित उघड्या खिडकीतून तासाला १०० किलो हवा आत आली, तर ती खोलीतल्या हवेपेक्षा १ लिटरहून जास्त पाणी सोबत आणते. वीसही माणसं मिळून तासाला १.६ लिटर सोडतात, त्यावरून अंदाज करा. सतत उघडझाप होणारी लॉबी, कॅन्टीन, फटी असलेल्या जुन्या खिडक्यांची इमारत, अशा ठिकाणी बीम लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी सुटू लागलं की पहिला थेंब सहसा बीमच्या पट्ट्यांवर दिसत नाही. पट्ट्या आतल्या पाण्यापेक्षा थोड्या गरम असतात. सर्वांत गार असतो तो पाणी आत येण्याचा पाइप आणि त्यावरचा व्हॉल्व्ह, त्यातही इन्सुलेशन नीट न बसलेला सांधा. फॉल्स सीलिंगच्या टाइलवर नेमक्या त्या जागेखाली पिवळसर डाग दिसला, तर गळती शोधण्याआधी दवबिंदू मोजा. पाणी लागताच बीमचा व्हॉल्व्ह बंद करणारा सेन्सरही याच पाइपवर बसवावा लागतो.

डाग दिसला की पाण्याचं तापमान वाढवून टाकण्याकडे कल असतो. पहारा म्हणून ते योग्यच आहे. चांगल्या नियंत्रणात खोलीचा दवबिंदू चढला की चिलरच्या गार पाण्यात परतीचं पाणी जास्त मिसळून बीमचं पाणी आपोआप कोमट केलं जातं. पण याची किंमत मोजावी लागते. १५ अंशांनी जाऊन १८ अंशांनी परतणारं पाणी १७ ते २० केलं, तर खोली आणि पाणी यांतला सरासरी फरक साडेसातवरून साडेपाच अंशांवर येतो आणि बीमची थंड करण्याची ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त घटते. लोक उकाड्याची तक्रार करतात आणि कोणीतरी खिडकी उघडतो. खरा इलाज ताज्या हवेच्या युनिटमध्ये असतो.

सर्वांत नाजूक वेळ सोमवार सकाळची. दोन दिवस बंद असलेल्या इमारतीत पावसाळी ओलावा मुरलेला असतो. आपल्या उदाहरणातल्या ऑफिसात किलोमागे १८ ग्रॅम बाष्प साचलं असेल, तर कोरडी हवा चालू केल्यावर दवबिंदू १५ अंशांवर यायलाच जवळपास एक तास लागतो, तोही फक्त हवेचा हिशेब धरला तर. गालिचे, कागद, फर्निचर हळूहळू ओल सोडत राहतात, म्हणून दोन तास धरावेत. तोवर बीमचं पाणी बंद ठेवायचं आणि दवबिंदू पाण्याच्या खाली उतरल्याचं सेन्सरने दाखवल्यावरच व्हॉल्व्ह उघडायचा.

इंदिरा पर्यावरण भवनात १६ अंशांचं पाणी असूनही पावसाळ्यात सुटणाऱ्या थेंबांसाठी बीमखाली ड्रेन पॅन दिलेले आहेत. आपल्या हवामानात ही खबरदारी मला रास्त वाटते. तुमच्या ऑफिसात चिल्ड बीम बसवायचं चाललं असेल, तर डिझायनरला एवढंच विचारा: जुलैतल्या सर्वांत दमट दिवशी ताज्या हवेच्या युनिटमधून निघणाऱ्या हवेचा दवबिंदू किती असेल? त्याने आकडा सांगितला नाही, तर काम पुढे नेऊ नका.