निळ्या इनलँडची बारा मिनिटं

साताऱ्याकडचं एक जुनं घर. आई जाऊन वर्ष झालंय. नागपूरला दिलेली मोठी बहीण मालती घर आवरायला आली आहे. उद्या सकाळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन ती धाकट्या भावाच्या, वसंताच्या, नावे हक्कसोडपत्रावर सही करणार आहे. माजघरात ती कपबश्या रद्दीत गुंडाळून खोक्यात भरते आहे. वसंता फडताळातली वर्तमानपत्रं काढून तिच्या शेजारी आणून टाकतो. त्या गठ्ठ्यातून एका निळ्या आंतरदेशीय पत्राची कड बाहेर डोकावते. ती प्रेक्षकाला दिसते. दोघांपैकी कुणालाच दिसत नाही.

एक जागा, दोन पात्रं आणि जागेवर नसलेलं एक पत्र. एवढ्यावर दहा-बारा मिनिटांची थरारक शॉर्टफिल्म उभी राहू शकते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब चालतो. म्हणजे लेखकाच्या हातात बारा पानं आहेत. पत्र हरवलंय हे कळायलाच त्यातली चार पानं गेली, तर चित्रपट हातचा गेला.

म्हणून पहिला निर्णय असा: पत्र कुठे आहे हे प्रेक्षकाला केव्हा सांगायचं? आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रांस्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत याचं उत्तर आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच ठाऊक नसेल आणि तो फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तो तिथे आहे हे आधी दाखवलं, तर टेबलावरच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. पत्राचंही तेच आहे. शेवटी अचानक सापडलेलं पत्र एकदाच धक्का देतं. पहिल्याच पानावर दिसलेलं पत्र पुढची प्रत्येक हालचाल धोक्याची करतं.

हे नाटकवाल्यांना हिचकॉकच्या कितीतरी आधी उमगलं होतं. इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाऊस’मध्ये नोराचं गुपित फोडणारं पत्र घराच्या कुलूपबंद पत्रपेटीत पडतं. पेटीची किल्ली नवऱ्याकडे. नोरा नाचाची तालीम मुद्दाम बिघडवते आणि त्याला शिकवण्यात गुंतवून ठेवते. नाच साधाच, पण प्रेक्षकाचा जीव पेटीत अडकलेला असतो. एडगर ॲलन पो यांच्या १८४४ सालच्या ‘द परलॉइन्ड लेटर’ या कथेत पोलीस मंत्र्याचं घर इंच इंच धुंडाळतात आणि पत्र मात्र समोरच्या कागद ठेवायच्या खणात, मळकं होऊन, उघड्यावर असतं. एकीकडे पत्र कुठे आहे ते ठाऊक आहे पण हात पोहोचत नाही, दुसरीकडे ते हाताशी आहे पण नजर पोहोचत नाही. आपल्या माजघरात हे दोन्ही वापरता येतं.

वसंताला त्या पत्राची भीती का वाटावी? इथे बरेच लेखक घसरतात. पत्रात आईचं मृत्युपत्र होतं, असं लिहून मोकळे होतात. पण साधं पत्र म्हणजे मृत्युपत्र नव्हे. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि आईच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो, म्हणून तर हक्कसोडपत्राची गरज पडली. कायदा जाणणारा प्रेक्षक तिथेच हसेल. त्यापेक्षा साधं कारण जास्त बोचतं. आजारपणात आईने मालतीला ‘ये’ म्हणून लिहिलं, पत्र टाकायला वसंताकडे दिलं आणि त्याने ते टाकलंच नाही. फाडून टाकायचा धीरही झाला नाही. ताई आली तर घराचा विषय निघेल, एवढीच त्याची धास्ती. आणि आईने शेवटी आपल्याला बोलावलंसुद्धा नाही, हे शल्य मालती वर्षभर बाळगून आहे.

आता घड्याळ हवं. भिंतीवरच्या घड्याळाचे शॉट घेतले की लेखकाला दुसरं काही सुचलं नाही हे उघड होतं. इथे रद्दीचा गठ्ठा हेच घड्याळ आहे. एका कपाला एक पान. प्रत्येक कपासरशी गठ्ठा उतरतो आणि निळी कड वर येते. चौथ्या मिनिटाला ती वसंताला दिसते.

मग तो ते सरळ उचलत का नाही? प्रत्येक पानावर लेखकाने स्वतःला हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण प्रेक्षक तो विचारतोच. गठ्ठा मालतीच्या मांडीला लागून आहे. हात घातला तर ती बघणार. मग तो बहाणे काढतो, आणि संवाद त्या बहाण्यांचेच असतात.

वसंता : ताई, ऊठ तू. कंबर धरेल. मी गुंडाळतो.
मालती : तू? मागच्या खेपेला बरणी फोडलीस. तू खोकी बांध.
वसंता : बरं, ती रद्दी तरी दे इकडे. ओली वाटतेय.
मालती : (पान चाचपत) कोरडी आहे की.

पत्राचा उल्लेख एकदाही नाही. एकांकिका स्पर्धांमधून आलेल्या मराठी लेखकांचे कान संवादाला तयार असतात, पण तिथली सवय इथे आडवीही येते. रंगमंचावर शेवटच्या रांगेला निळी कड दिसत नाही, म्हणून पात्राला बोलून दाखवावं लागतं. कॅमेऱ्याला ती पडदाभर दाखवता येते. ‘अरे देवा, ते पत्र!’ असं वाक्य पटकथेत दिसलं की ते खोडावं. फोन वाजणं, शेजारीण डोकावणं हेही टाळावं, कारण तिसऱ्याचा आवाज आला की कोंडलेली वाफ निघून जाते.

सातव्या मिनिटाला मालती बोलता बोलता न बघताच वर्तमानपत्राचं पान आणि त्याला चिकटलेलं पत्र एकत्र उचलते, कपाभोवती गुंडाळते, खोक्यात ठेवते. वसंता सुटकेचा श्वास टाकतो. प्रेक्षकही टाकतो. तेवढ्यात ती म्हणते, ‘हे खोकं मी नागपूरला नेते हं. आईचे कप आहेत.’

पत्र आहे तिथेच आहे, पण धोका उलटा फिरला. आतापर्यंत तिने गठ्ठा बघू नये, एवढंच हवं होतं. आता खोकं दाराबाहेर जाता कामा नये. याला कलाटणी म्हणायचं. नवी माहिती बाहेरून आली नाही, आधीच दिसलेल्या वस्तूतूनच ती निघाली.

शेवटही वस्तूनेच सांगावा. वसंता न राहवून खोकं उघडतो, कप काढतो, पत्र तिच्या हातात देतो. ते वाचून दाखवणारा आईचा आवाज पार्श्वभूमीला घालायचा मोह होईल, तो आवरावा. मालती पत्र उघडतच नाही. ती पत्ता बघते. अक्षर आईचं, पत्ता नागपूरचा. मग अंगठा छापील तिकिटावर जातो. त्यावर टपालाचा शिक्का नाही. पत्र टपालात हरवलेलं नाही, ते टाकलंच गेलं नव्हतं, हे तिला एका शब्दाविना कळतं. हा शॉट कळावा म्हणून शिक्का मारलेलं दुसरं एखादं इनलँड आधी, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला, तिच्या हातून जाताना दाखवायला हवं. ते राहिलं तर इनलँड कधीच न हाताळलेल्या तरुण प्रेक्षकाला शेवट कळणारच नाही.

मालतीने सही करावी की नाही, हे पडद्यावर दाखवू नये. दाखवलं तर ती मालमत्तेची गोष्ट होते, आणि बारा मिनिटं आपण ती गोष्ट सांगत नव्हतो.

लिहून झालं की दोन जणांना पटकथा मोठ्याने वाचायला लावा आणि तिसऱ्याला पात्रांची नावं झाकून ऐकवा. कोणतं वाक्य कुणाचं हे त्याला ओळखता आलं नाही, तर संवाद पुन्हा लिहा. शूटिंगच्या आदल्या दिवशी खरी रद्दी, खरे कप घेऊन एकदा गुंडाळून बघा. पत्र पानाला चिकटून उचललं जातं का, याची खात्री तिथेच करून घ्या.