‘पेमेंट होत नाही’ एवढ्याने भागत नाही

बग रिपोर्टमध्ये बिघाड कसा घडवून आणायचा, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे लिहिलेले असते. फ्रीलान्स डेव्हलपर दुकानात बसलेला नसतो. त्याला वाचूनच तोच बिघाड स्वतःच्या स्क्रीनवर उभा करावा लागतो.

समजा, एका ऑनलाइन दुकानात ४५० रुपयांचे दोन कुर्ते कार्टमध्ये टाकले. दहा टक्क्यांचे कूपन लावल्यावर एकूण ८१० रुपये दिसले. मग चेकआउटच्या पानावरच एक कुर्ता कमी केला आणि यूपीआय निवडून पैसे भरण्याचे बटण दाबले. अपेक्षा ४०५ रुपयांची. पानावर ४०५ दिसतातही, पण यूपीआय ॲप मात्र ८१० मागते.

इथे पायऱ्यांचा क्रम हाच खरा पुरावा. कुर्ता आधी कमी करून कूपन नंतर लावले तर रक्कम बरोबर येते, हे एक वाक्य डेव्हलपरचे बरेच तास वाचवते. कूपन लावतानाच पेमेंट गेटवेकडे ऑर्डर तयार झाली आणि नग बदलल्यावर ती नव्याने केली गेली नाही, असा संशय त्यावरून घेता येतो. मात्र हा अंदाज ‘प्रत्यक्ष निकाल’ या भागात मिसळू नये. तो चुकला तर शोध भलतीकडे जातो.

सोबत फोन, ब्राउझर, वेळ आणि ऑर्डर क्रमांक द्यावा. दोन्ही रकमांचे स्क्रीनशॉट जोडावेत, पण कार्ड क्रमांक किंवा ओटीपी त्यांत दिसता कामा नये.