डॅशकॅम घेताना आधी काय तपासावे?

एक्सप्रेसवेवर एखादी गाडी तुमच्या गाडीला घासून पुढे निघून गेली, तर नंतर पोलिसांसमोर आणि विमा कंपनीसमोर दोनच गोष्टी कामाला येतात. घडलेला प्रकार दिसायला हवा आणि समोरच्या गाडीचा नंबर वाचता यायला हवा. डॅशकॅमच्या खोक्यावर छापलेल्या बाकी सगळ्या सोयी यानंतरच्या. म्हणून कॅमेरा घेताना प्रश्न एकच ठेवावा: गरज पडेल त्या दिवशी वाचता येणारे चित्र हाती असेल का?

चित्राच्या दर्जापासून सुरुवात करू. आपल्याकडच्या मोटारीची आडवी नंबर प्लेट ५०० मिलिमीटर रुंद असते. दहा मीटरवरून ती नजरेच्या जेमतेम तीन अंशांत मावते. डॅशकॅमची भिंग रस्त्याच्या दोन्ही कडा पकडण्यासाठी रुंद ठेवलेली असते. ती आडवे १२० अंश पाहते असे धरू. फुल एचडी चित्रात आडवे १९२० ठिपके असतात, म्हणजे एका अंशाला १६. त्या हिशेबाने दहा मीटरवरच्या पूर्ण प्लेटच्या वाट्याला सुमारे ४६ ठिपके येतात आणि त्यांत दहा अक्षरे-आकडे बसवायचे. एका अक्षराला चार-साडेचार ठिपके मिळाले तर ८ आणि ३ यांतला फरक कळत नाही. ४के चित्रात हेच ठिपके दुप्पट होतात आणि नंबर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. ‘१७० अंश’ अशी जाहिरात पाहून भुलू नये. कोन जितका मोठा, तितके ठिपके जास्त रुंदीवर पसरतात आणि प्लेट बारीक होते.

मात्र खोक्यावरचे ‘४के’ नेहमी खरे असतेच असे नाही. त्यासाठी सेन्सरवर ८० लाखांहून अधिक ठिपके लागतात. काही स्वस्त कॅमेरे लहान सेन्सरचे चित्र ताणून मोठे करतात आणि त्याला ४के म्हणतात. म्हणून सेन्सरचे नाव पाहावे. सोनी कंपनीचे स्टार्व्हिस मालिकेतले आयएमएक्स ४१५ आणि आयएमएक्स ६७८ हे खरे ४के सेन्सर आहेत. दुसरा नव्या पिढीचा असून अंधारात अधिक चांगला चालतो. ज्या मॉडेलमध्ये सेन्सरचे नावच दिलेले नाही, ते बाजूला ठेवलेले बरे.

रात्रीची मर्यादा मात्र समजून घ्यावी. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश घेतो, समजा सेकंदाचा तिसावा भाग. समोरून येणारी गाडी आणि तुमची गाडी मिळून ताशी १०० किलोमीटर वेगाने जवळ येत असतील, तर तेवढ्या वेळात अंतर सुमारे ९० सेंटिमीटरने कमी होते. प्लेट फराटल्यासारखी दिसते आणि कितीही महाग कॅमेरा असला तरी नंबर मिळणे कठीण. पुढे त्याच दिशेने जाणाऱ्या गाडीचा नंबर मात्र मिळू शकतो. अट एवढीच, की हेडलाइटच्या उजेडात चकाकणारी प्लेट पांढरी फटक पडता कामा नये. यासाठीच एचडीआर ही सोय लागते. रात्रीच्या रस्त्यावरची मूळ फाइल मोठ्या पडद्यावर पाहूनच त्याबद्दल मत बनवावे.

आता साठवण. पुढचा ४के आणि मागचा फुल एचडी कॅमेरा मिळून सेकंदाला सुमारे ४५ मेगाबिट लिहीत असतील, तर तासाला २० जीबी होतात. १२८ जीबीचे कार्ड सहा तासांत भरते आणि कॅमेरा सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहू लागतो. म्हणजे सकाळी काही घडले आणि तुम्ही तशीच दिवसभर गाडी चालवलीत, तर रात्रीपर्यंत तो पुरावा गेलेला असेल. घटनेनंतर लगेच फाइल कुलूपबंद करणारे बटण दाबावे आणि कार्ड काढून ठेवावे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ कार्ड आणि मूळ फाइल जपून ठेवावी, तिच्यात काटछाट करू नये.

कार्ड अशा अखंड पुसण्या-लिहिण्यासाठीच बनवलेले हवे. सॅनडिस्कचे हाय एन्ड्युरन्स, सॅमसंगचे प्रो एन्ड्युरन्स ही त्या जातीची कार्डे. मोबाइलसाठीचे साधे कार्ड इथे लवकर थकते. धोका असा, की कार्ड बिघडल्यावरही काही कॅमेऱ्यांवरचा दिवा लुकलुकतच राहतो. महिन्यातून एकदा कालची फाइल उघडून पाहावी आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलताही कमी ठेवावी. आपल्या खड्ड्यांत तो सारखा फाइली कुलूपबंद करत राहतो आणि नव्या चित्रणासाठी जागा उरत नाही.

वीज देण्याचे दोन मार्ग आहेत. गाडी चालू असतानाचेच चित्रण हवे असेल, तर १२ व्होल्टच्या सॉकेटमधला चार्जर पुरतो. गाडी उभी असतानाही पहारा हवा असेल, तर फ्यूज बॉक्समधून तार घ्यावी लागते. इथे बॅटरीचा हिशेब करावा. कॅमेऱ्याला चार-पाच वॉट लागले, तर बॅटरीतून सुमारे ०.४ अँपिअर जातात. बारा तासांत पाच अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर गाडी तीन दिवस सोसायटीत उभी राहिल्यावर चालू होईल याचा भरवसा नाही. म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की कॅमेरा बंद करणारे हार्डवायर किटच घ्यावे. मूळ वायरिंग कापू न देता फ्यूज टॅप वापरायला लावावा. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू देऊ नये. काचेलगतच्या खांबातून तार नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून जाते आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे.

कॅमेऱ्याच्या पोटात लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, हेही विचारावे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला उन्हात उभ्या गाडीत काचेजवळचे तापमान साठ अंशांपार जाते. त्यात लिथियम बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटर ते सोसतो, आणि अपघातात वीज तुटली तरी शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरती ऊर्जा देतो.

उत्पादकांत हीरो समूहाचा क्यूबो आणि सीपी प्लस हे भारतीय आहेत. ७०माय, डीडीपाय आणि व्हिओफो चिनी, थिंकवेअर आणि ब्लॅकव्ह्यू दक्षिण कोरियाचे, तर गार्मिन अमेरिकी. ह्युंदाईने २०२३ मध्ये एक्स्टरच्या काही प्रकारांत कारखान्यातूनच दुहेरी डॅशकॅम दिला. पण नावावर जाऊ नये, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळे सेन्सर असतात. मॉडेलचा नेमका क्रमांक, भारतातील वॉरंटीचे बिल, जवळचे सेवा केंद्र आणि किती जीबीपर्यंतचे कार्ड चालते, या चार गोष्टी आधी विचाराव्यात.

पैसे मोजकेच असतील, तर मागचा कॅमेरा आणि मोबाइलवरच्या चकचकीत सोयी वगळा. नाव दिलेला सेन्सर, सुपरकपॅसिटर आणि एन्ड्युरन्स कार्ड या तीन गोष्टींवर तडजोड करू नका. आणि बसवून झाल्यावर पहिल्याच रात्री एक फेरी मारून मूळ फाइल घरी पाहा. पुढच्या गाडीचा नंबर वाचता येत नसेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी कॅमेरा बदलून घ्या.